तीन रुपये कमी

जवळा बाजारच्या रस्त्यावर अमृतरावांचं पशुखाद्याचं ठोक दुकान होतं. दुकानासमोर टेम्पो पेंडीच्या पोत्यांनी भरून उभा होता आणि त्याच्या पायरीवर बसून ड्रायव्हर नरसिंग तंबाखू मळत होता. माल शिरड शहापूरच्या किरकोळ दुकानदार चंद्रभागाबाईंचा. पोती चढून झाली होती, दोरही आवळून झाला होता. फक्त बिल निघत नव्हतं, आणि बिलाशिवाय टेम्पो हलवायचा नाही हा अमृतरावांचाच नियम.

दुकानाचे हिशेब नव्यानेच हाती घेतलेल्या रागिणीने पुन्हा एकदा बटण दाबलं. कॉम्प्युटरने पुन्हा तीच लाल ओळ दाखवली: साठ दिवसांवरचं बिल बाकी, नवीन बिल करता येणार नाही.

"मॅडम, निघू का रात्री इथंच मुक्काम करू?" नरसिंगने विचारलं. "मुक्काम असंल तर बायकोला तसं सांगतो, लई खूश होईल ती."

"थोडं थांबा नरसिंगभाऊ."

चंद्रभागाबाईंचे पैसे आले होते, हीच खरी गंमत होती. परवाच बँकेत बत्तीस हजार नऊशे बहात्तर रुपये जमा झाले होते. आजवर बाई एकेका बिलाचे रोख पैसे आणून द्यायच्या. या वेळी त्यांच्या लेकीने, वैष्णवीने, मोबाइलवरून एकरकमी पाठवले, आणि कोणत्या बिलांचे ते काही लिहिलं नाही. बाईंच्या नावावर पाच बिलं उघडी होती. रागिणीने रक्कम तूर्त नुसती खात्यावर जमा धरली होती, कोणत्याच बिलासमोर लावली नव्हती. त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी पैसेही जमा होते आणि पाचही बिलं जशीच्या तशी बाकी होती.

अमृतराव चहाचा कप घेऊन आले. "काय झालं गं पोरी? काहून अडलं?"

"काका, हे पैसे कोणत्या बिलांचे ते कळत नाही. मावशी फोन उचलत नाहीत."

"त्यात काय कळायचं? सगळ्यात जुन्या बिलावर टाक, उरले की त्याच्या पुढच्यावर. पैसे संपले की संपलं. लाल दिवा गेला न टेम्पो गेला."

तसं करणं दोन मिनिटांचं काम होतं. रागिणीने हात आखडता घेतला तो दुसऱ्या क्रमांकाच्या बिलामुळे. नऊ हजार सहाशे ऐंशीचं ते बिल. त्यातली काही पोती ओली निघाली होती आणि चंद्रभागाबाईंनी दुकानात येऊन सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की त्याचा निकाल लागेपर्यंत त्या बिलाचा एक पैसा मिळणार नाही. तेव्हापासून ते वादातलं म्हणून नोंदलेलं होतं, कॉम्प्युटर त्याला साठ दिवसांच्या नियमात धरत नव्हता. जुन्यापासून पैसे लावत गेलं असतं, तर पहिल्यानंतर तेच बिल भरलं गेलं असतं. ओल्या पोत्यांचा वाद कागदावर आपोआप मिटला असता आणि ज्या बिलाचे पैसे बाईंनी खरोखर दिले, ते अर्धवट बाकी दिसलं असतं.

"देणाऱ्याने ज्याच्यासाठी दिले त्यालाच लावायचे, काका. त्याने काहीच सांगितलं नाही, तर मग जुन्यापासून."

"मग? सांगितलं कुठं तिनं?"

"विचारलं कुठं आपण?"

अमृतरावांनी चहाचा घोट जरा मोठाच घेतला.

रागिणी केमिस्ट्री शिकली होती. आकडे जुळत नसतील तर आकड्यांवर रागवायचं नाही, ही सवय तिला तिथेच लागली होती. तिने पाचही बिलं कागदावर लिहिली आणि दोन-दोन, तीन-तीन करून मिळवून पाहिली. पहिलं चौदा हजार दोनशे पन्नासचं, तिसरं अकरा हजार चारशेचं, चौथं सात हजार तीनशे पंचवीसचं. बेरीज बत्तीस हजार नऊशे पंच्याहत्तर. ओल्या पोत्यांचं बिल वगळलेलं आणि परवाचं ताजंही वगळलेलं. सगळं पटण्यासारखं होतं, फक्त तीन रुपये कमी होते.

"झालं की मग!" अमृतराव म्हणाले. "तीन रुपयांची सूट टाक."

"वैष्णवीने पंच्याहत्तरच्या जागी बहात्तर केलं असेल का?" रागिणी स्वतःशीच बोलली. तिने चंद्रभागाबाईंच्या जुन्या पावत्या उघडल्या. आठ हजारांच्या बिलाला सात हजार नऊशे नव्याण्णव. बारा हजार चाळीसच्या बिलाला बारा हजार एकोणचाळीस. एकूण एक पावती रुपयाने कमी, आणि आधीच्या मुनिमांनी तो रुपया दरवेळी तिथल्या तिथे सूट म्हणून मुकाट काढून टाकलेला.

एका बिलाला एक रुपया. तीन बिलांना तीन. रागिणीला हसू आलं. ही चूक नव्हती, शिस्त होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं बाई, इतके फोन!" चंद्रभागाबाईंचा आवाज अमृतरावांनाही ऐकू जात होता. "मी मेंढरांच्या वाड्यावर होते, रेंज न्हाई तिथं. टेम्पो कुठाय? सकाळी मेंढपाळ दारात येतील. माझ्याकडं पेंड न्हाई दिसली की समोरच्या दुकानात जातील, न एकदा गेलेलं गिऱ्हाईक मागं येतंय व्हय?"

"मावशी, निघतोच आहे. तुमचे पैसे पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या बिलाचे ना?"

"व्हय, बराबर. ओल्या पोत्यांचं न्हाई देणार मी."

"आणि तीन रुपये कमी आहेत, ते मुद्दाम?"

"मुद्दाम! सगळं चुकतं केलं की खातं मिटतं, न खातं मिटलं की येणंजाणं मिटतं. माझ्या सासूनं बी कधी खातं कोरं केलं न्हाई. रुपया ऱ्हाऊ द्यायचा."

"सूट म्हणून काढले तर?"

"खबरदार! मला कुणाची सूट नको. माझी बाकी हाय ती, माझ्या नावावर ऱ्हाईल."

अमृतरावांनी कपाळाला हात लावला. जुन्या मुनिमांनी आजवरचे सगळे रुपये काढून टाकले होते, हे रागिणीने बाईंना सांगितलं नाही.

पण अडचण खरी होती. पहिल्या बिलावर एक रुपया बाकी राहिला, तरी कॉम्प्युटरला ती साठ दिवसांवरची बाकीच दिसणार होती. एका रुपयासाठी भरलेला टेम्पो उभा राहणार होता. रागिणीने कागदावरच्या तीन आकड्यांकडे पाहिलं. रक्कम तर तेवढीच राहणार होती. तूट कुठे दाखवायची, एवढंच ठरवायचं होतं.

"मावशी, तीनही रुपये चौथ्या बिलावर बाकी ठेवले तर? पहिलं आणि तिसरं पूर्ण भरतं, चौथं अजून मुदतीत आहे. खातं कोरं होत नाही आणि टेम्पोही सुटतो."

चंद्रभागाबाईंनी खात्री करून घेतली.

"तीन बी ऱ्हातील?"

"तीनही."

"मग हरकत न्हाई. पोरगी हुशार हाय तुमची, अमृतराव!"

रागिणीने रक्कम लावली: पहिल्याला चौदा हजार दोनशे पन्नास, तिसऱ्याला अकरा हजार चारशे, चौथ्याला सात हजार तीनशे बावीस. खात्यावर नुसती पडलेली रक्कम शून्य झाली. लाल ओळ गेली. प्रिंटर कुरकुरत नवीन बिल ओकू लागला आणि नरसिंगने ते हातात पडण्याआधीच इंजिन चालू केलं.

"न अमृतराव," फोन अजून सुरूच होता, "ते ओल्या पोत्यांचं बिल उघडंच हाय ना? का ते बी टाकलं भरून?"

"उघडंच आहे, चंद्रभागाबाई," अमृतराव रागिणीची नजर चुकवत म्हणाले.

"मग करा की त्याचं काहीतरी. तुमच्यामुळं मला तकलीफ, न बाकीदार मी?"

फोन बंद झाला. टेम्पो धूळ उडवत शिरडच्या दिशेला लागला. अमृतराव खुर्ची ओढून रागिणीच्या टेबलाशी बसले.

"किती पोती ओली होती म्हणाली ती?"

"तीन. तुम्ही स्वतः हात लावून पाहिली होती, काका."

"पाहिली होती, पाहिली होती," ते म्हणाले. "लिही मग. तीन पोत्यांचे वजा कर तिच्या बिलातून, न तिला कळव. माझ्या देखतच कर, नाहीतर उद्या मी पुन्हा विसरेन."