तीन हंगाम, त्याच तारखा

वंदनाने पेन्सिलीने दोन ओळींखाली रेघ मारली आणि बायोडाटा टेबलावर फिरवून समोरच्या मुलीकडे सरकवला.

"हे बघ. बी.एस्सी., नियमित, परतूर. जुलै दोन हजार बावीस ते मे पंचवीस. आणि खाली हे. बियाणे कंपनीत क्षेत्र सहायक, ऑगस्ट बावीस ते ऑक्टोबर चोवीस. गाव वाटूर. दोन्ही एकाच वेळी कसं?"

जालन्याच्या एमआयडीसीतल्या दुसऱ्या एका बियाणे कंपनीत वंदना माणसं निवडायचं काम बघायची. गेल्या महिन्यात एकाचं अनुभवपत्र खोटं निघालं, तेव्हापासून तारखा एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की खुलासा लिहून घ्यायचा, नाहीतर अर्ज परत, असा नियम झाला होता. संध्याकाळी निवडीची यादी वर जायची होती.

दीपमालाने कागदाकडे पाहिलंही नाही. "खरंच दोन्ही होतं मॅडम. अनुभवपत्र जोडलंय, कॉलेजचा हजेरीचा दाखला पन हाय. शहाऐंशी टक्के."

"म्हणून तर विचारते. शहाऐंशी टक्के हजेरी असलेली मुलगी दिवसभर शेतात कशी?"

"बायोडाटा टाइप करणारे इंटरनेटवाले राधेश्यामदादा बी हेच म्हणले. नोकरीची तारीख पुढं ढकलू, कोन बघतंय? म्या म्हणलं, न्हाई. पत्रावर जी हाय तीच ठेवा." ती थांबली. "दिवसभर नव्हते मॅडम मी शेतात. कपाशीच दिवसभर बोलवत न्हाई."

वंदना घनसावंगीची, शेतकऱ्याच्या घरची. पण त्यांच्याकडे ऊस. कपाशी तिने रस्त्यावरून पाहिलेली. "म्हणजे?"

"बियाण्याची कपाशी हाय ना ती. उद्या सकाळी जी कळी उमलणार, ती आज दुपार कलल्यावर सोलायची. आतलं पराग काढून टाकायचं, मधली काडी तेवढी ठेवायची, आन् वर लाल कागदाची पिशवी घालायची. मंग सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. ऊन चढलं की खेळ खलास. साडेसात ते साडेदहा शेतात. पावणेअकराची जीप, साडेअकरा ते तीन कॉलेज, चारला परत शेतात. अंधारून येईपर्यंत कळ्या."

"रोज?"

"हंगाम असंपर्यंत रोज. ऑगस्ट ते ऑक्टोबर. कळी काय रविवार पाळती?"

वंदनाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. तिने कॅलेंडर पाहिलं. तिन्ही वर्षांचे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. मग तिला खरी अडचण दिसली, आणि ती दिसताच वाईट वाटलं.

"दीपमाला, पत्रावर सलग लिहिलंय. ऑगस्ट बावीस ते ऑक्टोबर चोवीस. तू सांगतेस त्याप्रमाणे तीन-तीन महिने, तीन वेळा. म्हणजे नऊ महिने. जाहिरातीत किमान दोन वर्षं मागितलीत."

दीपमालाचा चेहरा उतरला. खरं सांगितल्याने तारखांचा गुंता सुटला होता, आणि त्याच सुटण्याने नोकरी हातातून निसटत होती.

"मंग नऊच लिहा मॅडम," ती म्हणाली.

वंदनाने तिच्यासमोरच जुन्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भागवत नावाचे क्षेत्र अधिकारी होते.

"दीपमाला? अहो बराबर. हंगामापुरतीच व्हती, पन दरसाल तीच. आमच्याकडं दरसालच्या माणसाला एकच पत्र देतात, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. कोन इतके कागद काढीत बसतंय?"

"तिचं कॉलेज चालू होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत?" फोनमधून हसण्याचा आवाज आला. "जीपवाल्याला मीच थांबवून धरायचो. तिच्या हाताखाली चौदा बाया व्हत्या, तिची आई बेबीनंदाबाई धरून. आईला पन 'ही कळी शिळी हाय, सोडा' म्हणायला मागंपुढं बघायची न्हाई पोरगी."

फोन ठेवला तेव्हा दारात साहेबराव उभे होते. उत्पादनाचे प्रमुख, अंगावर शेतातली धूळ. त्यांनी शेवटचं ऐकलं होतं.

"काय अडलं वंदनाताई?"

"अनुभव नऊ महिने भरतो सर. दोन वर्षं हवीत."

"नऊ महिने?" साहेबराव खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे राहिले. "अहो, उरलेल्या महिन्यांत कपाशीला फूल असतंय का? जाहिरात ऑफिसनं लिहिली. मी दोन हंगाम म्हणलं व्हतं, तुम्ही दोन वर्षं छापलं. पोरी, तीन हंगाम केलेस ना?"

"हो सर."

"कागद मला कळत न्हाई. चल, चार वाजून राह्यले."

कंपनीच्या आवाराला लागून प्रयोगाचा प्लॉट होता. वंदना चपला चिखलाने भरतील म्हणून काठावर थांबली, मग तशीच आत गेली. दीपमाला झाडांमध्ये शिरली आणि तिची चालच बदलली. ती एकेका फांदीकडे नुसती बघत होती.

"ही उद्याची. ही परवाची. ही उद्याची."

"कशावरून?" वंदनाने विचारलं.

"टोक बघा मॅडम. उद्या उमलणारी कळी आज थोडी सैल पडती. परवाची अजून मूठ आवळून हाय."

वंदनाने वाकून पाहिलं. तिला दोन्ही सारख्याच दिसल्या. दीपमालाने अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी फिरवलं, हलकेच पीळ दिला, आणि पिवळट पाकळ्या परागांच्या नळीसकट एका झटक्यात निघून आल्या. मधे उरली एक पांढरी, ओलसर काडी. तिला ओरखडाही नव्हता. ती इतकी उघडी, इतकी नाजूक होती की वंदनाने नकळत श्वास धरला. लाल पिशवी चढली. दुसरी कळी. तिसरी. आणि मग, हात चालू असताना, मुलीच्या ओठांतून काहीतरी येऊ लागलं, तिला कळण्याआधीच.

"सकाळी लावू फूल, सांजंला सोलू कळी,
मधल्या ग उन्हात माझ्या लेकीची शाळा खुली..."

ती एकदम गप्प झाली. "माफ करा. आई म्हणायची. त्याच्याबिगर हात चालत न्हाईत."

साहेबरावांनी निघून आलेली परागांची नळी उन्हात धरली, फिरवून पाहिली आणि मान डोलावली. वंदनाच्या अंगावर मात्र काटा आला. तासाभरापूर्वी ज्या दोन ओळी एकमेकींना खोटं पाडत होत्या, त्या दीपमालाच्या आईने कपाशीच्या ओळींमधे वाकून गाताना कधीच एकत्र बसवल्या होत्या. दिवसाच्या दोन टोकांना फूल, मधे पुस्तक. एवढी मोठी गोष्ट, आणि तिला कोणी मोठी म्हटलंही नव्हतं.

परत आल्यावर वंदनाने साहेबरावांची सही घेतली: अट दोन वर्षं नव्हे, दोन हंगाम. मग बायोडाटा दीपमालापुढे ठेवला. "खोडू नकोस, खाली नवं लिही. महिन्यांसकट."

दीपमालाने लिहिलं: क्षेत्र सहायक, हंगामी, सकाळ-संध्याकाळ. ऑगस्ट ते ऑक्टोबर, बावीस, तेवीस, चोवीस. शिक्षणाच्या ओळीला तिने हातही लावला नाही. ती होती तशीच बरोबर होती.

फॉर्मवर तारखांच्या खुलाशासाठी बोटभर चौकट होती. वंदनाने तिच्यात बारीक अक्षरात लिहिलं: महिने तेच, तास वेगळे. जुन्या कंपनीशी बोलून खात्री केली. हजेरीचा दाखला सोबत.

एवढं पुरेसं होतं, नियमाला. पण पेन कागदावरून उचलवेना. चौकटीच्या बाहेर, जिथे काही लिहायचं नसतं, तिथे तिने आणखी एक ओळ लिहिली: मी स्वतः पाहिलं.

"सोमवारी ये," ती म्हणाली.

"सकाळी साडेसातला," दारातून साहेबराव ओरडले, "आन् इथं ऑफिसात न्हाई, तिकडं प्लॉटवर!"

दीपमाला उठली, पण निघेना. "मॅडम, तुम्ही बी या ना. आज सोललेल्या तर उद्याच लावाव्या लागतील, पन सोमवारी नव्या असतील. फूल लावताना बघायचं राह्यलंय तुमचं."

वंदना नऊला ऑफिसात यायची, गेली सहा वर्षं. तिने मान डोलावली आणि "येते" म्हणाली.