नॅन टेटचे अठरा टक्के

"त्रेचाळीस टक्के," फर्गसनं कागद माझ्या टेबलावर आपटला. "शुक्रवारी समितीपुढे पाठवतोय. या पोरीची डिग्री गेली समज."

फर्गस आमचा विभागप्रमुख. आकडा दिसला की त्याला वाचायचा कंटाळा येतो. मी ॲबर्डीनमध्ये एकोणीस वर्षं मौखिक इतिहास शिकवतेय आणि त्यातली निम्मी वर्षं त्याच्याशी वाद घालण्यात गेली.

"यातलं काय कशाशी जुळतंय ते बघितलंस?" मी विचारलं.

"जुळतंय ना? बास."

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि साहित्यचोरी शोधणाऱ्या यंत्राचा अहवाल उघडला. कर्स्टन ब्युकनचा प्रबंध मासळी कारखान्यांतल्या बायकांवर होता. अकरा टक्के नुसती संदर्भसूची. तेच ग्रंथ वापरणाऱ्या प्रत्येकाची सूची सारखीच दिसणार, तिला बाजूला काढलं. नऊ टक्के अवतरणचिन्हांतली उद्धरणं, प्रत्येकाखाली तळटीप. तीन टक्के प्रतिज्ञापत्र आणि "या प्रकरणात आपण पाहणार आहोत" छापाचा भुसा. उरले वीस. त्यांतले अठरा एकाच ठिकाणचे होते, सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या विद्यापीठात कुणीतरी सादर केलेल्या प्रबंधातले. तो प्रबंध परवानगीशिवाय उघडत नाही. मी लगेच मागितली, उत्तर आलं नाही.

ते अठरा टक्के म्हणजे फ्रेझरबरो बंदरातल्या नॅन टेट या म्हातारीची मुलाखत. कर्स्टननं ती परिच्छेद आत सरकवून, चिन्हांशिवाय दिली होती. लांब उद्धरणाची तशीच पद्धत आहे, पण यंत्राला ती कळत नाही. प्रश्न वेगळाच होता. ही मुलाखत हिनं घेतली, की उचलली?

मी तिला बोलावून घेतलं. ती दारातच रडवेली झाली.

"रेकॉर्डिंग दाखव आणि मोकळी हो," मी म्हटलं.

"पुसलं, शीना. संमतीपत्रात तुम्हीच लिहायला लावलं होतं, उतरवून झालं की पुसायचं म्हणून."

लिहायला लावलं होतं खरं. मला माझाच राग आला. "कोट घाल," मी म्हटलं, "बस पकडू."

नॅन टेटनं दार उघडलं आणि माझ्याकडे न बघता कर्स्टनला धरलं. "अगं, फेब्रुवारीत चार बटरी पाव हाणून गेलीस, साधं पत्र नाही टाकलंस?"

अर्धं काम दारातच झालं. तरी मी विचारलं, "आजी, कारखान्यातला पहिला दिवस सांगाल?" आणि मांडीवर छापील पानं घेतली.

"सहाला भोंगा व्हायचा," नॅन सुरू झाली. "हात बर्फात घातले की पहिली पाच मिनिटं दुखायचे. मग ते आपले नसायचेच."

मी ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. शब्दाला शब्द. मुकादमाची नक्कल आली तिथं नक्कल, हसली तिथं कंसात 'हसतात'.

"सहा वर्षांपूर्वी कुणी येऊन गेलं होतं का?" मी विचारलं.

"चष्मेवाली एक. तिलाही हेच सांगितलं. चर्चमध्येही हेच सांगते. सगळ्या तेवढंच विचारतात."

कर्स्टननं डोळे पुसले. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण अजून दोन टक्के बाकी होते. मी शेवटचं पान काढलं. पाच ओळी, चिन्हं नाहीत, तळटीप नाही. संग्रहालयाच्या माहितीपत्रकातून जशाच्या तशा.

"आणि हे?"

ती लाल झाली. "निष्कर्षाला मला काही सुचेना. एवढंसंच आहे, मला वाटलं..."

"एवढंसंच आहे, पण चोरी हीच आहे. अठराबद्दल फर्गसला मी उद्याच कळवते, समितीची भीती नाही. हे मात्र लपवणार नाही. गुण कापले जातील आणि निष्कर्ष पुन्हा लिहावा लागेल. डिग्री जाणार नाही."

तिनं मान डोलावली. पान स्वतःहून माझ्या हातातून घेतलं, ते मला आवडलं.

"वाच तरी काय चोरलंस ते," नॅन म्हणाली.

कर्स्टननं घसा खाकरून वाचलं. "थंडी आणि कष्ट सोसताना या स्त्रियांमध्ये जन्मभराची मैत्री जुळली, आणि त्या मैत्रीनंच त्यांना तारून नेलं..."

"मैत्री?" नॅननं चहाचा कप खाली ठेवला. "बेला माझ्या शेजारी उभी असायची. माझी चुगली तिनं मुकादमाकडे केली आणि माझा आठवड्याचा पगार बुडाला. त्यानंतर अकरा वर्षं खांद्याला खांदा लावून मासे कापले आम्ही, एक शब्द न बोलता. तिच्या मयतीलाही गेले नाही मी."

मी हातातली पानं चाळली. बेलाचं त्यांत नावही नव्हतं.

"हे कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही?" कर्स्टननं हळूच विचारलं.

"विचारलं कुणी?" नॅन म्हणाली.