लुगडं बाजाराचं, माणूस घरचं

लुगडं तर बाजाराचं गं बाई,
माणूस आपल्या घरचं;
भुवई पाहून हाक मार,
पाऊल पाहून ओळख.

बारकीआतेचा हा आवाज वर्षाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती आईच्या कडेवर होती. मांडवात भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला होता आणि त्याच्यासमोर बसून आते गात होती. आते धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. नवरी नव्या लुगड्यात अशी गुंडाळली होती की सख्ख्या मावशीलाही ओळखू येईना. तेव्हा आतेने गाणं मध्येच थांबवून नवरीची हनुवटी वर केली नि म्हणाली, "हे आमचंच गं." मांडव हसला. गाणं पुढे चाललं.

आज वर्षा तलासरीच्या नाक्यावर एका फ्लेक्सच्या दुकानात बसते. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं तिच्या हातून जातं. दिवाळी जवळ आली की एकच मागणी: अख्ख्या घराचा एक फोटो, सणाच्या कपड्यात, खाली शुभेच्छा. कपडे घ्यायला लागत नाहीत. फोनवरचा साधा फोटो द्यायचा, कोणाला काय घालायचं ते वर्षाने कॉम्प्युटरला शब्दांत सांगायचं, आणि ते यंत्र कपडे चढवून देतं.

यंत्र उदार फार. कपड्याबरोबर चेहराही नवा देतं.

डहाणूच्या अहिल्याबाई, शाळेत शिकवतात, मागच्या वर्षी फोटो बघून म्हणाल्या होत्या, "वर्षा, पैठणी छान आहे. पण ही माझी सासू नाही. सासूबाईंनी हे पाहिलं तर मला घराबाहेर काढतील, आणि हिला ठेवून घेतील."

तेव्हापासून वर्षाने स्वतःशी काही नियम बांधले. 'सुंदर' लिहायचं नाही, 'राजेशाही' तर नाहीच; ते लिहिलं की म्हाताऱ्याला पीळदार मिशा येतात. कापड, रंग, काठ, नेसणं एवढंच नीट सांगायचं. आणि प्रत्येक वेळी खाली लिहायचं: चेहरा, वय, रंग, हसू आहे तसंच ठेव.

यंदा शेठ, म्हणजे दुकानाचे मालक गोपीनाथ, म्हणाले, "वर्षा, दिवाळीची भेट म्हणून तुझ्या घरचा एक फ्लेक्स माझ्याकडून. नाक्यावर लाव. वाघबारशीच्या सकाळी, तुमची दिवाळी तिथूनच सुरू होते ना."

वर्षाला आधी आठवला तो बा.

तिचा बा, लक्ष्या, नाक्यावर फ्लेक्स बांधतो. बांबू उभे करायचे, दोरी ओढायची, गाठ मारायची. तलासरीत कोणाचाही हसरा चेहरा उंच चढला तर तो लक्ष्याच्या हातांनी. एकदा तार तुटून त्याच्या डाव्या भुवईवर बसली होती. तिथे केस पुन्हा आले नाहीत. भुवईत एक फट राहिली, शेताच्या बांधातून वाट जावी तशी.

"आता तुझा चेहरा वर जाणार, बा," वर्षा म्हणाली.

"माझा कशाला? मला नको फोटोत. बांबू कोण धरील?"

"फोटोत बांबू नाही लागत."

"तुम्ही तिघं बसा. शोभतं."

वर्षाची आई रूपी चुलीजवळून म्हणाली, "असूं दे गो. हा देवाच्या फोटोला पण पाठ करून बसतो."

सगळे अंगणात उभे राहिले. ऊन नको, सावलीत, चेहरे मोठे दिसतील इतक्या जवळून. हे वर्षाला माहीत होतं, आणि फोन धरलेल्या शेजारच्या पोरालाही तिने तसंच सांगितलं. भाऊ सुनिल राज्याच्या सीमेपलीकडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले. बा कामावरून तसाच आला होता, खांद्यावर नायलॉनच्या निळ्या दोरीचं वेटोळं. "ते ठेव खाली," रूपी म्हणाली. तो ठेवणार इतक्यात फोटो निघाला.

मग कपड्यांची चर्चा. सुनिलला जॅकेट हवं होतं, सोनेरी बटणांचं. रूपीला हिरवं लुगडं, लाल काठाचं. वर्षाने स्वतःला जांभळी साडी निवडली.

"बा, तुला?"

"काय पण."

"काय पण म्हणजे?"

"तू घालशील ते." आणि तो गाठी सोडवायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात काम कमी होतं. वर्षाने आईसाठी लिहिलं, 'सणाचं लुगडं'. आली नऊवारी, नाकात नथ, अंबाडा, वर चंद्रकोर. बाई देखणी होती, पण पुण्याची होती. मग तिने विचार करून लिहिलं, 'आदिवासी सणाचे कपडे'. यंत्राने चौघांच्या डोक्यावर पिसं खोवली, गळ्यात हाडांच्या माळा घातल्या. संध्याकाळी तिने तो फोटो मुद्दाम घरी दाखवला.

"हे कोण? कोंबडे?" रूपीने विचारलं.

सुनिल इतका हसला की त्याला ठसका लागला. "आये, तू झालीस कोंबडी. बा कोंबडा."

बा पण हसला, पण जरा वेळाने म्हणाला, "त्याला कोणी सांगितलं, आम्ही असे असतो म्हणून?"

 त्या प्रश्नाने वर्षाची मान ताठ झाली. उद्या मी सांगते त्याला, तिने मनात म्हटलं.

तिने सांगितलं. गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं, लाल काठ, पदर डोक्यावर नको, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण दिसलं पाहिजे. लुगडं बरोबर आलं. मग त्याच फोटोवर सुनिलचं जॅकेट. मग त्याच्यावर तिची साडी. मग काठाचा रंग जरा गडद. मग बाला फेटा, केशरी. आपला बा तुऱ्याचा फेटा बांधून नाक्यावर झळकावा, ही तिची हौस. मग मागे रांगोळी, मग पणत्या. प्रत्येक वेळी निघालेल्या फोटोवरच पुढचं. तिला आवडलं. घरी आवडलं. रूपी म्हणाली, "गोरी दिसते मी." आणि परत परत बघत राहिली.

बाने पाहिलं. "चांगलं आहे," म्हणाला, आणि फोन परत दिला.

रविवारी बारकीआते आली. आता गाताना तिला धाप लागते, पण नजर शाबूत. वर्षाने फोन तिच्या हातात दिला.

आतेने फोन लांब धरला, जवळ धरला. "ही तू. हा सुनिल... असंल. ही कोण? सुनिलची सासू ठरली का?"

"आते! ती आये."

"रूपी? रूपीच्या हनुवटीवर टिपके आहेत, मी बाजूला बसून गोंदवून घेतले. हिची हनुवटी धुतलेली." बोट पुढे सरकलं. "आणि हा फेटेवाला?"



"तो बा आहे," वर्षा हळू म्हणाली.

आतेने पुन्हा पाहिलं. "माझा भाऊ मी पाठीवर घेऊन वाढवला. हा तो नाही."

वर्षाने मूळ फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून मोठे केले. तेव्हा तिला दिसलं. प्रत्येक फेरीला यंत्राने थोडं थोडं गुळगुळीत केलं होतं. एकदा गोंदण फिकं, मग नाहीसं. एकदा गालाची सुरकुती, मग गालच. फोटोवरून फोटो काढत गेल्याने माणूस थेंबाथेंबाने गळून गेला होता, आणि रोज बघणाऱ्यांना ते कळलंच नाही. बाच्या फेट्याखाली दोन सबंध, काळ्याभोर, कोऱ्या भुवया होत्या.

अहिल्याबाईंच्या सासूवर हसणारी मी, तिच्या मनात आलं.

"जाऊं दे," बा म्हणाला. "वाघबारस परवावर आली. मला काढून टाक त्यातून. तिघं ठेव."

तो हे सहज म्हणाला. फार सहज म्हणाला. पण वर्षाने पाहिलं, त्याचं बोट भुवईच्या फटीवर गेलं होतं आणि तिथेच राहिलं होतं.

"तू नसशील तर फ्लेक्सच लागणार नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पुसून टाकलं आणि मूळ फोटोपासून सुरुवात केली. या वेळी एकेक माणूस वेगळं कापून घेतलं आणि एकेकाला एकदाच कपडे चढवले. आवडलं नाही तर त्या फोटोला हात लावायचा नाही. पुन्हा मूळ फोटो, पुन्हा नव्याने सांगणं. आईचं गोंदण तिने टिपक्यांच्या जागेसकट सांगितलं. सुनिलच्या जॅकेटची बटणं सोनेरी आली, आणि डोळे रात्रपाळीचे तसेच राहिले.

बाला काय घालावं? फेटा भुवईवर उतरतो. जॅकेट त्याला पेलत नाही. तिने लिहिलं: धुतलेला पांढरा सदरा, डोकं उघडं. आणि जरा थांबून पुढे लिहिलं: खांद्यावरची निळी दोरी आहे तशीच ठेव.

सदरा नेमका आला. दोरीही आली. पण यंत्राने भुवई पुन्हा भरली. 'डाव्या भुवईत फट आहे' असं लिहिलं तर फट आली उजव्या भुवईत, कारण समोरून बघणाऱ्याची डावी बाजू वेगळी. तेव्हा वर्षाने सांगणंच सोडलं. मूळ फोटोतला बाचा चेहरा तिने कडेकडेने कापला, कपाळापासून गळ्यापर्यंत, आणि नव्या सदऱ्यावर बसवला. कॉलरपाशी सावली जुळवली. मग आईचाही तसाच बसवला; टिपके चुकायला नकोत. सुनिलचा आणि स्वतःचा चेहरा मूळ फोटोशी ताडून पाहिला, सुरकुतीला सुरकुती, दाताला दात.

शेठ मागे उभे राहून बघत होते. "दोरी कशाला गं? सणाला?"

"दोरीशिवाय बा म्हणजे नथीशिवाय नवरी, शेठ."

"मग मोठी दिसू दे," शेठ म्हणाले.

वाघबारशीच्या सकाळी नाक्यावर सीमेवरच्या अच्छाडकडे जाणारे ट्रक धापा टाकत होते. लक्ष्याने स्वतःचे बांबू स्वतः उभे केले. गुंडाळी सोडली, वरची दोरी ओढली, खालच्या गाठी मारल्या. तो नेहमीसारखा मागच्या बाजूला होता. मागून सगळेच फ्लेक्स पांढरे दिसतात.

समोर रूपी, सुनिल, वर्षा, आणि सुनिलच्या हाताला धरून बारकीआते उभी होती. आतेने मान वर केली. डोळ्यांवर हात धरला.

"ही रूपी. हा सुनिल, झोपेत. ही आमची वर्षा." मग आवाज चढला, मांडवातला जुना आवाज. "आणि हा लक्ष्या! भुवई बघा, दोरी बघा. हे आमचंच!"

चहावाल्याने चहा गाळता गाळता हात थांबवला. "लक्ष्याकाका, तुम्ही वर?" एका टेंपोवाल्याने खिडकीतून मान काढली. "ओ काका, खाली कोण बांधतो मग?"

"खाली पण मीच," पांढऱ्या फ्लेक्समागून बा म्हणाला.

"बा, पुढे ये," वर्षाने हाक मारली.

तो आला. हात पुसत, अंगातला सदरा खाली ओढत आला, आणि पहिल्यांदाच फ्लेक्सच्या पुढच्या बाजूला उभा राहिला. वरचा लक्ष्या खाली बघत होता, खालचा वर. दोघांच्या खांद्यावर निळी दोरी.

 रूपीने त्याला कोपराने ढोसलं. "सांग ना, कसं झालं. पोरीने डोळे फोडून केलंय."

"वर्षा," तो म्हणाला, "मी नको नको म्हणत होतो ना."

"हो."

"दर दिवाळीला बांधून झालं की मी मागेच थांबायचो. पुढे आलो तर कोणी बघेल, म्हणेल, हा कोणाला बघतोय." त्याने नाक ओढलं, दोरी खांद्यावर सारखी केली. "मला हवं होतं गं. पहिल्यापासून हवं होतं."