तीन नंबरची प्लेट

सलग आठवा दिवस. थोरल्या बाईंनी इनक्युबेटरचं दार उघडलं आणि खालच्या कप्प्यात ती प्लेट पुन्हा दिसली. जंतू वाढवायच्या मॅकॉन्की अगारची, फिक्या तांबूस रंगाची, नेहमीसारखी पालथी ठेवलेली. वर पेशंटचं नाव नाही, नंबर नाही, तारीख नाही. तळाच्या काचेवर निळ्या मेणपेन्सिलीने नुसता मराठी तीनचा आकडा, शेपटी जरा लांबवलेला.

तो आकडा ज्याच्या हातचा होता तो माणूस जाऊन आठ वर्षं झाली होती.

बाईंनी प्लेट उजेडाकडे धरली. रिकामी. टाचणीच्या टोकाएवढाही ठिपका नाही. त्यांनी ती होती तिथे ठेवून दिली आणि दार लावलं. मग हात धुतले. मग उगाच पुन्हा एकदा धुतले.

हॉस्पिटलच्या या लॅबमध्ये बाईंची तेहतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला चारच महिने उरले होते. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आहे म्हणून कुणी सांगायला लागलं, तर त्या म्हणायच्या, "असेल तर उगवेल. प्लेटवर लावा, सकाळी बघू." पण या आठ दिवसांत त्यांची झोप उडाली होती. ‘वाढ आढळली नाही’ हे रिपोर्टमधलं रोजचं वाक्य लिहिताना हात थबकायचा. तीन शब्दांचं वाक्य, हजारो वेळा लिहिलेलं. आता प्रत्येक वेळी वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे आणि खांद्यावरून वाचतंय.

कोण ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आचारी.

आचारी म्हणजे लॅबचा मीडिया, प्लेटमधलं जंतूंचं खाद्य, बनवणारा माणूस. जंतूंचा स्वयंपाक करतो म्हणून सगळे त्याला आचारी म्हणायचे, आणि त्यालाही ते आवडायचं. "माणसांना जेवायला घालणारे पुष्कळ आहेत," तो म्हणायचा, "माझे पाहुणे कधी मीठ कमी आहे म्हणत नाहीत. फक्त उगवतात किंवा उगवत नाहीत." शिकला बेताचाच, पण मीडिया जितका त्याला कळायचा तितका भल्याभल्यांना कळायचा नाही. बाई नवीन असताना मॅकॉन्की त्यांना पुस्तकाने नव्हे, आचाऱ्याने शिकवला होता.

"ही प्लेट दोन कामं करते बघा," त्याने सांगितलं होतं. "पहिलं काम दारावरचं. यात पित्ताचे क्षार आहेत, क्रिस्टल व्हायोलेट आहे. ती जोडी दारात उभी राहते आणि ग्रॅम पॉझिटिव्ह मंडळींना आतच येऊ देत नाही. आतड्यातले ग्रॅम निगेटिव्ह मात्र बिनधास्त आत येतात. दुसरं काम आतलं. आत दुधातली साखर वाढून ठेवलेली असते. ती जो खातो तो आम्ल सोडतो, आणि न्यूट्रल रेड नावाच्या रंगामुळे त्याची वसाहत गुलाबी होते. साखर खाल्ली की ओठ रंगले, लपवायची सोय नाही. न खाणारा फिकाच राहतो. पहिलं काम निवडायचं, दुसरं ओळखायचं. दोन्हींची गल्लत करायची नाही."

"आणि ब्लड अगार?" बाईंनी विचारलं होतं.

"ते मोकळ्या दाराचं घर. जवळपास सगळ्यांना जेवू घालतं. रक्त कोण फोडतो त्यावरून ओळखही पटवतं, पण दारात कुणाला अडवत नाही. म्हणून म्हणतो बाई, दारात अडवलेल्याची चौकशी माझ्या मॅकॉन्कीकडे करू नका. तो म्हणणार, आत कुणी नाही. खोटं नाही बोलत तो. त्याला तेवढंच माहीत असतं."

हे शिकवणाऱ्या माणसाचं पुढे जे झालं, त्याचा विचार बाई सहसा करत नसत. आता ती प्लेट रोज समोर येऊन करायला लावत होती.

नवव्या दिवशी त्या तासभर आधीच कामावर आल्या. मीडियाच्या खोलीत दिवा होता. शिजलेल्या अगारचा कोमट वास दारापर्यंत येत होता आणि आत कुणीतरी चमच्याने फ्लास्कच्या गळ्यावर टिकटिक वाजवत होतं, दोनदा, थांबून एकदा. आचाऱ्याची सवय. भिंतीला हात लावून त्या उभ्या राहिल्या आणि मग मनाचा हिय्या करून आत शिरल्या.

पंधरा दिवसांपूर्वी बदलून आलेली नवी मुलगी ओट्याशी उभी होती. मुलगी कसली, तिशीची बाई. तिच्यासमोर तीन प्लेटा होत्या. पहिलीवर गुलाबी वसाहती, दुसरीवर फिक्या. तिसरीवर काही नाही. तिन्हींवर निळ्या मेणपेन्सिलीचे आकडे.

"या प्लेटा तुझ्या?" बाईंचा आवाज चिरका निघाला.

"हो बाई. एकीवर ई. कोलाय, दुसरीवर साल्मोनेला, तिसरीवर स्टॅफ. कंट्रोल लावते, ओळखीचे जंतू टाकून मीडिया बरोबर आहे का ते बघते. रोज छोटा फ्लास्क बनवते आणि तपासते." ती ओशाळली. "तीन नंबरची तुमच्या कप्प्यात ठेवते, माझ्याकडे जागा नाही. विचारायचं राहिलं. रागावू नका."

बाईंना हसू फुटणार होतं. आठ दिवस ज्याला भ्याले ते हे! पण हसू ओठांवर यायच्या आत त्यांना ओट्यावरची वही दिसली. पिवळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर अगार सांडून कडक झालेली.

"ही वही कुठली?"

"माझ्या बाबांची. ते इथेच होते. तुम्ही ओळखत असाल, त्यांना सगळे आचारी म्हणायचे."

बाई स्टुलावर बसल्या.

मुलगी बोलत राहिली. आठ वर्षांची असताना घरात काय घडलं ते तिला नीट आठवत होतं. बाबांच्या मीडियामुळे एक बाळ दगावलं असं सगळे म्हणाले. बाबांना लॅबमधून काढून चादरींच्या भांडारात बसवलं. शाळेतल्या मुलीसुद्धा तिच्याशेजारी बसेनात. "मी मुद्दाम इथे बदली मागून घेतली, बाई. त्यांचं कुठे चुकलं ते मला बघायचंय. वहीतल्या मापाने, ग्रॅमचाही फरक न करता बनवते. रोज. पण चूक निघतच नाही. एक गुलाबी, दोन फिकी, तीन रिकामी. हवं तसंच येतं. त्या बॅचलाही त्यांनी हेच लिहिलंय, हे बघा." तिने पान उलटलं. अक्षर तेच, शेपटीवाला तीन तोच. ‘३ : रिकामी. बरोबर.’

"तुम्ही तेव्हा होतात ना?" तिने विचारलं. "मला एवढंच सांगा. बाळाला झालेला जंतू कोणता होता? घरी कुणालाच ते माहीत नाही. जंतू बाबांच्या प्लेटवर उगवला नाही, एवढंच सांगितलं सगळ्यांनी."

खोलीत घड्याळ नव्हतं, तरी बाईंना टिकटिक ऐकू येत होती.

माहीत नाही म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी आणखी थोडे दिवस फ्लास्क घोटत बसली असती, आणि चार महिन्यांनी बाई हार घालून घरी गेल्या असत्या. एका शब्दाचा तर प्रश्न होता. तेव्हाही एका शब्दाचाच होता.

"स्टॅफ," बाई म्हणाल्या.

मुलीने मान हलवली, जशी कुठलंही नाव ऐकून हलवावी. मग ती थांबली. तिची नजर हळूहळू तीन नंबरच्या प्लेटवर गेली.

"पण मॅकॉन्कीवर स्टॅफ... तो ग्रॅम पॉझिटिव्ह, तो उगवायलाच नको."

"नाही उगवत. तुझ्या बाबांची प्लेट चोख होती. चोख होती म्हणूनच रिकामी राहिली."

आणि मग बाईंनी सगळं सांगितलं. मध्ये थांबल्या असत्या तर पुन्हा बोलता आलं नसतं. बाळाच्या बेंबीतून पू येत होता. एकच स्वॅब आला होता, तोही सुकत आलेला, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला स्लाइड केली नाही. ब्लड अगारला लागणारं मेंढीचं रक्त आलं नव्हतं, फ्रीजमध्ये त्याच्या चारच प्लेटा उरल्या होत्या. त्या त्यांनी जपून ठेवल्या. बेंबी लंगोटाच्या जवळ, आतड्यातलाच जंतू असणार, असं धरून चालल्या आणि स्वॅब नुसता मॅकॉन्कीवर लावला. दोन दिवस प्लेट रिकामी. ‘वाढ आढळली नाही.’ रिपोर्ट वाचून वॉर्डात बाळाचं औषध थांबवलं. पुढे ताप चढला, रक्त तपासायला आलं, आणि जपून ठेवलेल्या त्याच चारपैकी एका प्लेटवर स्टॅफच्या सोनेरी वसाहती उगवल्या. तोवर बाळ राहिलं नव्हतं.

"आमचे विभागप्रमुख लांबच्या रजेवर होते. चौकशीला ऑफिसचे साहेब बसले, त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणाले, एका प्लेटवर उगवला, दुसरीवर नाही, म्हणजे पहिली प्लेट खराब असू शकते का? तेव्हा मी कायम झाले नव्हते. ऑर्डर त्यांच्याच टेबलावर पडलेली. मी म्हणाले, असू शकते. तेवढंच म्हणाले. तुझे बाबा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना सांगितलं, माझी प्लेट जशी असायला हवी तशीच होती. माझं नाव नाही घेतलं. साहेबांना वाटलं, उडवाउडवी करतोय."

मुलगी रडेल, ओरडेल, फ्लास्क फेकेल, असं बाईंना वाटलं. त्यांना ते हवंच होतं.

"बाबा घरीही हेच म्हणायचे," ती म्हणाली, अगदी सपाट आवाजात. "प्लेट बरोबर होती. चौदा वर्षं एकच वाक्य. आम्हाला कंटाळा आला होता, बाई. ते आजारी पडले तेव्हा मी आणि आई त्यांच्या मागे लागलो. बाबा, आता तरी मान्य करा, मन मोकळं होईल, देवाच्या दारी ओझं नको. रोज म्हणायचो. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मान्य केलं."

बाईंनी डोळे मिटले.

"‘असेल, चुकलं असेल माझं,’ म्हणाले. आईने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. आम्हाला बरं वाटलं हो. आम्हाला खूप बरं वाटलं."

तिने वही मिटली, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि तीन नंबरची प्लेट झाकणासकट टेप लावून बंद केली. सीलबंद डब्यात घालून ती स्टीलच्या कपाटात ठेवली, नियम होता तसा. मग दाराशी जाऊन उभी राहिली.

"आई घरीच असते," ती म्हणाली. "तिला मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं."

"आत्ता?"

"आत्ता."

बाई उठल्या. दिवसाचे नमुने यायला अजून अर्धा तास होता, पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं नाही. जाताना सवयीने त्यांनी मीडियाच्या खोलीचा दिवा बंद केला. मागे कुणी उभं आहे का, हे बघायला त्या वळल्या नाहीत. तिथे कुणीच नसणार याची आता त्यांना खात्री होती, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली. ज्याची क्षमा मागायची तो राहिलाच नव्हता.