मेंढा आणून देणाऱ्यास

विश्रामबागेतल्या त्या विधी महाविद्यालयात कायद्यापेक्षा प्राचार्यांचं आदर्श उत्तर वरचढ होतं. तासिका तत्त्वावरच्या माया मॅडमना हे ठाऊक होतं. पण उत्तर तपासताना ते विसरायची त्यांना खोड होती.

पुण्याच्या अभिरूप न्यायालय स्पर्धेला कॉलेजातून एकच विद्यार्थी जाणार होता. चाचणीत ज्याला जास्त गुण, तो. तपासायचं सूत्र मायांनीच वर्गात फळ्यावर लिहून दिलेलं: मुद्दा ओळखला की दोन, नियम सांगितला की तीन, तो नियम दिलेल्या हकिगतीला लावून दाखवला की चार, आणि निष्कर्षाला एक. "निष्कर्ष नाणेफेक करूनही बरोबर येतो," त्या म्हणायच्या, "गुण तिथवर जायच्या वाटेला असतात."

प्रश्न प्राचार्य इंद्रजित सरांनी काढला होता. ते जुन्या प्रश्नाला गावरान फोडणी देत. मेंढपाळ अर्जुनाचा मेंढा हरवला. 'माझ्या तळावर मेंढा आणून देणाऱ्यास पाच हजार' असा निरोप त्याने व्हॉट्सॅपवर फिरवला. कडेगावच्या धनाजीला मेंढा सापडला, तेव्हा इनामाचं त्याला माहीत नव्हतं. संध्याकाळी त्याने निरोप वाचला आणि दुसऱ्या दिवशी मेंढा तळावर नेऊन दिला. इनाम मिळेल का?

सरांचं आदर्श उत्तर: नाही. लालमन शुक्ला खटला. प्रस्तावाची माहिती नसेल तर स्वीकार नाही.

सोनियाने हेच लिहिलं होतं, सरांच्या नोट्समधल्या स्वल्पविरामांसकट. मुद्दा बरोबर, नियम बरोबर, निष्कर्ष सरांसारखा. मधे धनाजीचं नाव फक्त एकदा, तेही "म्हणून धनाजीला" एवढ्यापुरतं. मायांनी तिला सात दिले.

कपिलने लिहिलं होतं: मुद्दा असा, की धनाजीला माहिती नेमकी कोणत्या कृतीच्या आधी हवी होती? अर्जुनाने मेंढा शोधायला नव्हे, आणून द्यायला इनाम लावलं होतं. करार कायद्याच्या कलम आठप्रमाणे प्रस्तावाची अट पूर्ण करणं म्हणजे स्वीकार. अट तळावर नेऊन देण्याची, आणि नेऊन देताना धनाजीला सगळं ठाऊक होतं. लालमनचं वेगळं: तिथं इनाम पोरगा शोधण्याला होतं, शोधताना लालमनला ते माहीत नव्हतं, शिवाय तो नोकर, मालकानेच त्या कामाला धाडलेला. म्हणून धनाजीला इनाम मिळेल.

मायांनी तो पेपर दोनदा वाचला. पहिल्यांदा गुण द्यायला, दुसऱ्यांदा नुसताच. दहापैकी नऊ.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "निष्कर्ष चूक आहे, मॅडम."

"तुमच्या प्रश्नात धनाजीने निरोप मेंढा नेऊन देण्याआधी वाचलाय, सर. ती ओळ नसती तर तुमचं उत्तर बरोबर होतं."

सर बराच वेळ स्वतःचा प्रश्न वाचत राहिले. "ती ओळ मी रंगत यावी म्हणून घातली," ते शेवटी म्हणाले. "उत्तर आधीच विद्यापीठाकडे गेलंय. आता काय कळवू? प्राचार्यांना मेंढा कळला नाही?"

"मग निष्कर्षाचा एक गुण कापते."

"आठ झाले की! सोनिया सात." सरांनी चष्मा पुसला. "वाट चुकल्याशिवाय माणूस चुकीच्या गावी पोचतो का? वाटेचेही कापा. जूनमध्ये तुमचे तास नव्याने मंजूर करायचेत, ते माझ्या लक्षात आहे."

माया पेपर घेऊन स्टाफरूममध्ये बसल्या. विवेचनाच्या चारपैकी दोन कापायचे, तर चूक दाखवायला हवी. त्यांनी कपिलचं प्रत्येक वाक्य उलटंपालटं केलं, एकही वाकेना. अखेर समासात लिहिलं, 'विवेचन पाल्हाळिक', आणि नवाचे सहा केले. कारकुनाने यादी लावली. सोनिया पुण्याला निघाली.

कपिल पेपर घेऊन आला. "मॅडम, पाल्हाळ कुठं हाय तेवढं दावा. म्या चारदा वाचलं, मला गावंना."

"लांबलंय जरा."

"कुठली वळ काढू? नोकराची काढली तर लालमन आंगावर येतोय. तळाची काढली तर धनाजी बुडतोय."

मायांनी पेपर त्याच्या हातून घेऊन पुन्हा चाळला.

"आवं, चुकलं आसंल तर सांगा की. मला राग न्हाई. चुकलं का?"

चुकलं नाही म्हणावं, तर पुढचा प्रश्न काय येणार हे त्यांना दिसत होतं. तसा प्रश्न विचारायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"निष्कर्ष चुकला," त्या म्हणाल्या.

"पर निष्कर्षाला एकच गुण हाय न्हवं? फळ्यावर तुमीच लिवलंता."

"कपिल, परीक्षेत सरांचं उत्तर लिहावं."

कपिलने पेपराची घडी केली. "मग धनाजीचं काय लिवू?"

"एकदा नाव आलं की पुरे."

पुढच्या चाचणीत कपिलचं उत्तर अर्ध्या पानाचं होतं. कलम, खटला, निष्कर्ष. हकिगतीतल्या माणसाचं नाव एकदा. इंद्रजित सरांनी ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघा, पोरगं सुधारलं. मॅडमची मेहनत." मायांनी विवेचनाच्या रकान्यात चारपैकी चार लिहिले. तास मंजूर झाले होते.