सव्वीस वेळा नाही

१०:०५

बॅकअपच्या फोल्डरमध्ये एकच फाइल होती. नाव : चाचणी. आत मीच टाइप केलेला एक शब्द : चालतंय.

बाकी काही नाही.

१०:०१, म्हणजे चार मिनिटं आधी

डिस्कवाले काका स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन सर्व्हरसमोर उकिडवे बसले होते. आमच्या कृत्रिम पायांच्या केंद्रातला हा एकुलता एक सर्व्हर. आठवडाभर डिस्क कुरकुरत होती. आज जुनी मांडणी मोडून नव्या डिस्क बसवायच्या. आतलं सगळं पुसलं जाणार आणि मग बॅकअपवरून परत आणायचं.

"बॅकअप आहे ना?"

"रोज पहाटे होतो."

"ते ऐकलं. दाखवा."

"अहो काका, रोज होतो म्हणजे होतो!"

"पोरी, मी सांगोवांगी डिस्क पुसत नाही."

म्हणून मी फोल्डर उघडला.

१०:०६

माझ्या मागे दादा उभा. माझा आतेभाऊ, इथला पाय घडवणारा कारागीर. अंगावर प्लास्टरची पांढरी धूळ.

"काय गं, भूत बघितल्यासारखी का बसलीस?"

मी पडद्यावर फाइलच्या तारखेवर बोट ठेवलं.

"छोटे?"

"सव्वीस दिवस बॅकअप झालेला नाही, दादा."

तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. मग तिथेच प्लास्टरच्या गोणीवर बसला.

सव्वीस दिवस म्हणजे काय, तर एक्केचाळीस पाय. दादा साचा घेतो, स्कॅन करतो, माप सर्व्हरवर चढवतो आणि साचा फोडतो. जागाच नाही ना ठेवायला. फोडलेले साचे मागच्या अंगणात ढिगाने पडलेत. बाहेर बाकावर पोस्टातल्या बाई बसल्यात, एक चप्पल पायात, एक पिशवीत. त्यांचं दुसरं माप आज जुळवायचं. पहिलं माप या सर्व्हरवर. फक्त इथे.

तेव्हा, सव्वीस दिवसांपूर्वी

जुना बॅकअप फोल्डर भरला होता. मी वेगळ्या डिस्कवर नवा केला. केंद्र चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, रुग्णांची माहिती कुणाच्याही हाती लागता कामा नये. म्हणून फोल्डरला कुलूप लावलं : वरच्या फोल्डरकडून आपोआप आलेले सगळ्यांचे हक्क काढले, फक्त माझं नाव ठेवलं. मग तपासलं. फोल्डर उघडला, फाइल बनवली, लिहिलं, चालतंय.

चालतच होतं. माझ्यासाठी.

१०:०९

रोज पहाटे आपोआप चालणाऱ्या बॅकअपच्या जॉबचा इतिहास. लाल फुल्यांची रांग. प्रत्येकीवर तोच मजकूर : बॅकअपची फाइल उघडता आली नाही. त्रुटी क्रमांक ५. प्रवेश नाकारला.

"पण कोणाला नाकारला? तू तर आत जातेस ना?" दादा.

"मी जाते. बॅकअप मी लिहीत नाही, दादा. सर्व्हर लिहितो, त्याच्या स्वतःच्या खात्याने, सेवेचं खातं म्हणतात ते. त्याचं नाव या फोल्डरवर नाहीच."

"म्हणजे घराला कुलूप लावलंस आणि स्वयंपाकीण बाहेर!"

काका म्हणाले, "आणि रोज बाहेर उभी राहून ओरडत होती. कुणी ऐकलं नाही?"

ऐकायला मेल होते. यशस्वी असो की अयशस्वी, विषयाची सुरुवात एकच; रोजचा कटकटीचा मेल म्हणून ते सगळे एका कप्प्यात आपोआप जातील असं मीच करून ठेवलेलं. कप्पा उघडला. न वाचलेले : २६.



१०:१४

फोल्डर. सुरक्षा. सेवेच्या खात्याचं नाव. लिहिण्याचा, बदलण्याचा हक्क. ठीक आहे.

दादा गोणीवरून उठून माझ्या खुर्चीमागे आला. जॉब सुरू.

दहा टक्के.

वीस.

चाळीस.

डिस्क कण्हल्यासारखी वाजली. काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

सत्तर.

सत्तर.

सत्तर

"चल ना गं बाई," दादा म्हणाला. डिस्कला.

नव्वद. शंभर. यशस्वी.

कुणी टाळी वाजवली नाही.

१०:५०

काका म्हणाले, "यशस्वी हा नुसता शब्द आहे." खरं होतं, चालतंय हाही शब्दच होता. दुसऱ्या संगणकावर ती प्रत उतरवली. पोस्टातल्या बाईंचं कार्ड उघडलं. डावा पाय, गुडघ्याखाली, घेर, कालची नोंद. दादाने आकडे मोठ्याने वाचले, दोनदा.

"हाच," तो म्हणाला आणि बाहेर बाईंना आत बोलवायला गेला. दारात वळला. "मॅडमना तू सांगतेस की मी?"

"मी."

काकांनी पहिला स्क्रू सैल केला. त्या आवाजाने मी दचकले. काकांनी 'दाखवा' म्हटलं नसतं, तर दहा वाजून पाच मिनिटांनीच हा आवाज झाला असता आणि आम्ही तिघंही चहाला गेलो असतो.