एका वेळी एकच गोळी

कोरेगावात पाण्याची मोटार जळाली की माणसं आधी देवाचं नाव घेतात आणि मग रमजानचं, असं रमजान स्वतःच सांगायचा. दुसऱ्या कुणी तसं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. बाजाराच्या टोकाला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि तीस वर्षं शेतकऱ्यांना त्याचा एकच उपदेश. "एका येळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या तर दोष कशात व्हता ते बापजन्मात कळायचं न्हाई."

शेतकरी माना डोलवायचे, घरी जाऊन कॅपॅसिटर आणि वायर एकदमच बदलायचे आणि जळकी मोटार घेऊन परत यायचे. काय केलंस म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "म्या कायबी केलं न्हाई." मग रमजानची जीभ सुटायची, आणि समोरच्याचा चहा कपातच निवायचा.

अशा या शहाण्याला टीबी झाला. दोन महिने खोकला त्यानं वॉर्निशच्या वासावर ढकलला होता. बेडक्यात जंतू निघाले तेव्हा वॉर्निश निर्दोष सुटलं. सरकारी गोळ्या चालू झाल्या. रोज चार, आणि प्रत्येकीत चार औषधं एकत्र. टीबीचं काम बघणारी क्रांतीताई पहिल्याच दिवशी म्हणाली, "चाचा, लघवी लालसर होईल, ती गोळीनं होते, घाबरायचं नाही. पण भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी मला फोन."

रमजाननं त्यातलं पहिलं वाक्य पाठ केलं. दुसरं ऐकायला तो जागेवर नव्हता. पहिलं शेजारच्या सायकलवाल्याला समजावून सांगायला मनानं केव्हाच निघाला होता.

पाचव्या आठवड्यात अन्नावरची वासना उडाली. लघवी कोऱ्या चहासारखी झाली. "गोळीचा रंग हाय," रमजान म्हणाला. उलटी झाली, तर ती भज्यांची म्हणाला. गोळ्या मात्र एक दिवस चुकवल्या नाहीत, आणि ते चारचौघांत सांगायलाही चुकला नाही. शेवटी त्याच्या बायकोनं, शकिलानं, दंडाला धरून त्याला दारात उजेडाला आणलं आणि डोळ्याची पापणी खाली ओढली.

"आवं, डोळ्यांची हळद झालीया," ती म्हणाली. "ह्योबी गोळीचाच रंग का?"

गंमत म्हणजे, होता गोळीचाच.

सरकारी दवाखान्यातल्या राजेश्वरी मॅडमनी रक्त तपासलं. यकृताचा जो आकडा चाळीसच्या आत हवा, तो पाचशेच्या घरात गेला होता. "टीबीच्या औषधांनी यकृताला सूज आलीय. आजपासून या गोळ्या बंद," त्या म्हणाल्या. "चारातलं एक औषध यकृताला सहसा बाधत नाही. ते आणि जोडीला दुसरं एक, एवढंच चालू राहील. टीबीला मोकळं रान नको."

"आन बाकी तिघांतला गुन्हेगार कोन?"

"तेच शोधायचं. आकडा उतरू दे, कावीळ जाऊ दे. मग एकेक औषध सुटं देऊन बघू. एक दिलं की आठवड्यानं रक्त तपासायचं. ठीक असलं तरच पुढचं."

रमजानची छाती फुगली. "मॅडम, ह्ये तर माझंच शास्तर," तो म्हणाला. मॅडम हसल्या. क्रांतीताईला मात्र पुढचा अर्धा तास सिंगल फेज मोटारीचा दोष कसा शोधतात ते ऐकावं लागलं.

तीन आठवड्यांनी आकडा सत्तरवर आला, डोळे पांढरे झाले. पहिलं औषध सुरू झालं, लघवी लाल करणारं तेच. आठवड्यानं रक्त तपासलं, आकडा वाढला नव्हता. मग दुसरं, आयसोनियाझिड. "ही दोन म्हणजे इलाजाचा कणा," मॅडमनी बजावलं. "यातलं एक जरी सोडावं लागलं, तर इलाज लांबतो आणि कच्चाही पडतो. जपून राहा."

त्याच संध्याकाळी नाथाजी आला. हा रमजानचा जुना दोस्त, आणि मोटारी जाळण्यात तालुक्यात पहिला. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली.

"शिराळ्याकडं एक म्हातारा काविळीची मुळी देतोय. सात दिस ताकातनं घ्यायची. आमच्या मेव्हण्याची कावीळ तिनंच पळाली."

"माझी गेलीया रं."

"गेलीया, पर परत यील की गड्या. मुळीच हाय ती, तिला काय हुतंय?"

रमजानला नको म्हणता आलं असतं. पण पिवळे डोळे आरशात पुन्हा बघायची त्याला लय भीती वाटत होती, आणि ही भीती त्यानं शकिलालासुद्धा सांगितली नव्हती. सात दिवस, शकिला घरामागच्या परड्यात गेली की, त्यानं मुळी ताकातनं घेतली.

आठव्या दिवशी आकडा दोनशे साठ.

मॅडमनी मागच्या आठवड्याचा कागद काढून शेजारी ठेवला. "चाचा, या आठवड्यात दुसरं काही घेतलंत? दारू, दुखण्याची गोळी, झाडपाला?"

शकिला शेजारी बसलेली. क्रांतीताई दारात उभी. रमजाननं छातीवर हात ठेवला. "म्या कायबी केलं न्हाई."

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि पेन उचललं. "मग आयसोनियाझिडच बाधलं म्हणायचं. ते आता कायमचं बंद."

'कायबी केलं न्हाई' हे वाक्य स्वतःच्या तोंडून निघालेलं रमजाननं ऐकलं होतं. तीस वर्षांत हजार वेळा ऐकलं होतं, आणि म्हणणारा दर वेळी खोटं बोलत होता. पेन कागदावर टेकलं. कणा मोडायला निघाला होता, तोही कदाचित चांगला असताना, आणि कशासाठी तर शकिलासमोर लाज नको म्हणून.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "मी मुळी खाल्ली. सात दिस. चोरून. हिनं केलेल्या ताकातनंच."

शकिलानं डोक्याला हात लावला. क्रांतीताई हळूच म्हणाली, "चाचा, एका येळी एकच गोष्ट, न्हवं?"

रमजाननं मान खाली घातली. कितीतरी लोकांच्या माना त्यानं तशाच खाली घालायला लावल्या होत्या, त्या सगळ्या त्याला आठवल्या.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यामुळं त्याला जास्तच लाज वाटली. "बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या. "आता दोष गोळीचा की मुळीचा, मला सांगता येत नाही. दोन्ही बंद. आकडा उतरला की गोळी एकटी देऊ."

पंधरा दिवसांनी आयसोनियाझिड पुन्हा सुरू झालं. त्या आठवड्यात शकिलानं ताकाचं भांडं नजरेआड होऊ दिलं नाही. आठवड्यानं आकडा आला चौतीस. गोळी निर्दोष होती. राहिलेल्या तिसऱ्या औषधावर मॅडमचा पहिल्यापासून संशय होता. ते परत नकोच, त्यापेक्षा इलाज नऊ महिने चालवू, असं त्यांनी ठरवलं. रमजाननं कुणालाही काहीही समजावून न सांगता होकार दिला. शकिला घरी येईपर्यंत रस्ताभर रडली, मग हसली, मग त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यानं त्या गोळ्यांसारख्या मुकाट गिळल्या.

पुढच्या आठवड्यात नाथाजी दुकानात आला, खांद्यावर जळकी मोटार. रमजाननं झाकण उघडलं. कॅपॅसिटर नवा, वायर नवी.

"काय केलंस रं?"

"म्या कायबी केलं न्हाई."

रमजाननं बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. स्टूल पुढं सरकवलं, दोन चहा सांगितले.

"मीबी असंच म्हणालो व्हतो, नाथा," तो म्हणाला. "बस. आता सगळं सांग, पहिल्यापासनं. मी वरडत न्हाई."